०.२५ मिलीमीटरची फट: प्रकल्प नोंदी

५ जून

पारदर्शक इपॉक्सीचा एक ठोकळा गेलं वर्षभर माझ्या टेबलावर कागद दाबायला पडून आहे. आधीच्या एका कामातला हा नमुना. मधे तांब्याची चकती आणि भोवती ओतलेलं इपॉक्सी. तासाभराच्या चाचणीत तो कितीतरी जास्त व्होल्टेजला टिकला होता. मग त्याच्या निम्म्याहून कमी व्होल्टेजवर ठेवून दिला, तर काही दिवसांनी रात्रीत गेला. कापून पाहिलं तेव्हा चकतीच्या वरच्या तोंडाशी रेझिन सुटलेलं दिसलं. नखही शिरणार नाही एवढीच फट. रेझिन घट्ट होताना आकसतं आणि गार होताना तांब्यापेक्षा जास्त आकसतं, म्हणून ते धातूला सोडून मागे सरतं. फटीच्या काठापासून वर गेलेली काळी रेघ अजून दिसते.

तेव्हा अहवालात "फटीमुळे ब्रेकडाऊन" असं लिहून मोकळा झालो. फट काय करते हे खरं तर मला नीट कळलं नव्हतं. हवा कमकुवत असते हे ठीक, पण केसाएवढ्या हवेच्या थरात ठिणगी पडली म्हणून मिलीमीटरभर घन पदार्थ का फुटावा? आता मापून फट बनवायची, ती कधी पेटेल याचा हिशेब आधी मांडायचा, मग प्रत्यक्ष पाहायचं, आणि शेवटी तिने पदार्थ खाल्ला कसा हे उघडून बघायचं.

७ जून

नमुना कागदावर ठरला. पॉलिकार्बोनेटचे तीन थर. वर आणि खाली १ मिमीचे पत्रे, मधे ०.२५ मिमीची फिल्म, आणि त्या फिल्मला ३ मिमी व्यासाचं भोक. तिन्ही थर दाबून बसवले की आत ३ मिमी रुंद आणि ०.२५ मिमी उंच अशी हवेची चपटी डबी तयार होते. तिच्या कोणत्याही बाजूला धातू नाही.

आता हिशेब. विद्युत क्षेत्र थरांना लंब आहे. घन पदार्थ आणि हवा यांच्या सीमेवर क्षेत्र आणि परमिटिव्हिटी यांचा गुणाकार दोन्हीकडे सारखा राहावा लागतो. पॉलिकार्बोनेटची सापेक्ष परमिटिव्हिटी ३ धरली, तर हवेतलं क्षेत्र शेजारच्या घन पदार्थातल्या क्षेत्राच्या तिप्पट होतं. म्हणजे गंमत अशी की, जो थर विजेला सगळ्यात कमी तोंड देऊ शकतो त्याच्याच डोक्यावर सगळ्यात जास्त ओझं येतं.

मात्र ही तिप्पट फक्त क्षेत्राला आडव्या पसरलेल्या चपट्या फटीची. गोल बुडबुडा असेल तर सूत्र वेगळं, आणि या पदार्थात उत्तर साधारण १.२९ पट येतं. क्षेत्राच्या दिशेने उभी लांब फट असेल तर जवळपास वाढच नाही. त्यामुळे "पोकळी किती मोठी" हे विचारण्याआधी "पोकळी कशी पडली आहे" हे विचारायला हवं. माझ्या ठोकळ्यातली फट सगळ्यात वाईट दिशेने पडली होती.

दोन ओळी, ज्यांवर पुढचं सगळं उभं आहे:

```
V_g = V * d_g / (d_g + d_s/eps)
V_b = 24.4*d + 6.53*sqrt(d)   # kV (peak), d in cm, air, 1 bar
```

पहिली ओळ फटीच्या वाट्याला किती व्होल्टेज येतं ते सांगते. फट ०.२५ मिमी, तिच्याबरोबर एकसरीत असलेला घन पदार्थ एकूण २ मिमी. उत्तर ०.२७३, म्हणजे एकूण व्होल्टेजच्या सव्वासत्तावीस टक्के. दुसरी ओळ हवेची फट कितीला फुटेल त्याचा अनुभवसिद्ध अंदाज. ०.२५ मिमीला सुमारे १.६४ केव्ही. भागाकार केला की एकूण ६.० केव्ही शिखर, म्हणजे ४.२५ केव्ही आरएमएस. हा माझा पहिला अंदाज, वहीत चौकटीत लिहून ठेवला.

त्या क्षणी घन पदार्थात क्षेत्र असतं फक्त मिमीला २.२ केव्ही. पॉलिकार्बोनेटच्या अशा पत्र्याला थोड्या वेळाच्या चाचणीत मिमीला १५ केव्हीपेक्षा कमी सहसा लागत नाही. म्हणजे पदार्थ आरामात बसलेला असताना आतली हवा पेटणार.

८ जून

काल एक गोष्ट घाईत सुटली. फट जितकी बारीक तितकी वाईट, असं मनात धरून बसलो होतो. तसं नाही. तिप्पट क्षेत्र हे फटीच्या जाडीवर अवलंबून नाही, पण हवेची ताकद आहे. पाशेनने १८८९ मध्ये दाखवलं की फुटण्याचं व्होल्टेज दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. अंतर कमी करत गेलं की व्होल्टेज कमी होतं खरं, पण अंतराइतक्या वेगाने नाही. १ मिमी हवा साधारण ४.५ केव्हीला फुटते आणि ०.१ मिमी हवा ०.९ केव्हीला. मिमीच्या भाषेत बोलायचं तर बारीक फट दुप्पट ताकदवान. कारण साधं आहे. एका इलेक्ट्रॉनने हवेच्या रेणूंवर आपटत दुसरे इलेक्ट्रॉन सोडवायचे, त्यांनी तिसरे, आणि असा लोंढा तयार व्हायचा तर पळायला जागा हवी. जागा कमी असेल तर प्रत्येक धडकेत जास्त जोर हवा.

फार बारीक झाली की धडकाच पुरेशा होत नाहीत. वातावरणाच्या दाबाला हवेत ७-८ मायक्रॉनच्या आसपास सगळ्यात कमी, म्हणजे सुमारे ३३० व्होल्ट लागतात. त्याहून कमी व्होल्टेजला कोणतीही हवेची फट अशा लोंढ्याने फुटत नाही. (वरची दुसरी ओळ इतक्या बारीक अंतराला वापरायची नाही. ती तिथे खोटं बोलते.)

याचा उपयोग लगेच झाला. थरांमध्ये कितीही दाबलं तरी १० मायक्रॉनची हवेची पापुद्री राहणार, ही काळजी होती. ती पापुद्री पेटायला साधारण ३५० व्होल्ट तिच्यावर यायला हवेत, आणि तिच्या वाट्याला एकूण व्होल्टेजचा सव्वा टक्काच येतो. म्हणजे २६ केव्ही शिखर. मी तिथपर्यंत जाणारच नाही. काळजी मिटली.

११ जून

नमुने बनवले. भोक पाडायला चामड्याचा पंच वापरला आणि पहिली सहा भोकं वाया गेली. पंच खाली जाताना फिल्मचा काठ खाली वळतो आणि भोकाभोवती बोटाला लागेल न लागेल अशी कड उभी राहते. तीच कड वरचा पत्रा उचलून धरते, आणि ०.२५ मिमीची फट ०.३ ची होते, शिवाय भोवती निमुळती पाचर. खाली कडक लाकूड घेतलं, पंचाला धार केली आणि कड बारीक पॉलिश पेपरने घासली, तेव्हा जमलं. भिंगाखाली काठ गोल आणि सपाट दिसेपर्यंत सोडलं नाही.

दुसरा वैताग धुळीचा. फिल्म पुसली की तिच्यावर स्थिर विद्युत येते आणि खोलीतला प्रत्येक तंतू तिच्याकडे धावतो. आयसोप्रोपिलने पुसून, ओलसर असतानाच थर बसवले आणि मग दाबाखाली दिवसभर सुकू दिले. कडेला इपॉक्सी लावून बंद केले. एक नमुना भोक न पाडता, कोरा. बाकी चार भोकाचे.

१३ जून

कोरा नमुना पेटला.

पितळेचे इलेक्ट्रोड, कडा गोलाई दिलेल्या, नमुना मधे, हवेत. कपलिंग कपॅसिटर १ नॅनोफॅरडचा, इलेक्ट्रोडच्या जमिनीकडच्या तारेत मापनाची इम्पिडन्स. १० पिकोफॅरडमधून १० व्होल्टची पायरी टोचून १०० पिकोकुलोंबचं माप लावून घेतलं. व्होल्टेज हळूहळू चढवलं आणि ४.७ केव्हीला पडद्यावर शेकड्याने पल्स. आत भोक नसताना!

माझा अंदाज ४.२५ होता, हे ४.७. भोकाचा नमुना आधी लावला असता तर "वा, अंदाजाच्या दहा-अकरा टक्क्यांत आला" असं लिहून मोकळा झालो असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

दिवे बंद करून पाच मिनिटं डोळे अंधाराला सरावू दिले. वरच्या इलेक्ट्रोडच्या कडेला, जिथे गोलाई पत्र्यापासून सुटते, तिथे जांभळट कंगोरा. ही दुसरीच हवेची फट, जी मी बनवली नव्हती. गोलाईमुळे इलेक्ट्रोड आणि पत्रा यांच्यात शून्यापासून वाढत जाणारी पाचर असते. पाचरीत सगळ्या जाड्या हजर असतात, त्यामुळे सगळ्यात सोयीची जाडी ठिणगी स्वतःच शोधून काढते. ७ जूनच्याच दोन ओळींत २.२५ मिमी घन पदार्थ आणि वेगवेगळ्या फटी घालून पाहिल्या:

```
d_g 0.05 mm -> V 9.3 kV peak
d_g 0.10 mm -> V 7.6
d_g 0.30 mm -> V 6.5
d_g 0.50 mm -> V 6.7
d_g 1.00 mm -> V 7.9
```

०.३ मिमीपाशी तळ. तिथे ६.५ शिखर, म्हणजे ४.६ आरएमएस. मोजलं ४.७. माझा पहिला खरा जुळलेला आकडा आणि तो नको असलेल्या जागेचा. तरी हा तक्ता मला आवडला. अगदी बारीक फट हवेच्या ताकदीने वाचते, जाड फट क्षेत्र कमी झाल्याने वाचते, आणि मधली काही दशांश मिमीची फट दोन्हीकडून सापडते. रेझिन आकसून सुटतं तेव्हा फट बरोबर या वाईट पट्ट्याकडे वाढत जाते, हे लक्षात येऊन जरा अंगावर आलं.

१५ जून

इलेक्ट्रोडसकट सगळं सिलिकॉन तेलात बुडवलं. पाचरीतल्या हवेची जागा तेलाने घेतली. तेलाची परमिटिव्हिटी पॉलिकार्बोनेटच्या जवळपास, त्यामुळे क्षेत्राची वाढ नाही, आणि ताकद हवेपेक्षा कितीतरी जास्त. कोरा नमुना १२ केव्हीपर्यंत गप्प. पार्श्वभूमीचा गोंगाट ३ पिकोकुलोंब.

१६ जून

भोकाचा नमुना क्रमांक १. ४.२५ केव्ही, काही नाही. ४.५ ला दहा मिनिटं थांबलो, काही नाही. ५ केव्हीला साडेसात मिनिटं गेल्यावर एकदम सुरू. लगेच व्होल्टेज उतरवून परत चढवलं तर आता ४.४ ला लगेच पेटलं.

मॅडमना फोन केला. "अगोदर नाही, मग हो, मग अजून लवकर. मोजमापात घोळ आहे का?"

त्या म्हणाल्या, "अरे, लोंढा सुरू करायला पहिला इलेक्ट्रॉन कुठून येणार ते सांग आधी."

बरोबर. फटीत पुरेसं क्षेत्र असणं ही एक अट. पण त्या क्षणी तिथे एक मोकळा इलेक्ट्रॉन असणं ही दुसरी. कोऱ्या करकरीत डबीत तो नैसर्गिक किरणोत्सर्ग आणि वैश्विक किरणांतूनच येतो. जमिनीलगतच्या हवेत एका घन सेंमीत सेकंदाला मोजक्याच, दोन ते दहाच्या घरात, जोड्या तयार होतात. माझी डबी ०.००१८ घन सेंमीची. म्हणजे एक ते पाच मिनिटांना एक. आणि तोही व्होल्टेज शिखराजवळ असताना यायला हवा, नाहीतर फुकट गेला. दहा मिनिटं वाट पाहणं अगदीच रास्त.

एकदा पेटलं की भिंतींवर चार्ज पसरतो आणि तिथून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. मग वाट पाहावी लागत नाही. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. नव्या वस्तूला एक मिनिट व्होल्टेज दिलं आणि पीडी, म्हणजे फटीपुरतंच होणारं आंशिक विसर्जन, दिसली नाही, एवढ्यावरून आत लहान पोकळी नाही असं म्हणता येत नाही.

१७ जून

विझण्याचं व्होल्टेज मोजलं. पेटायला ४.४, पण उतरवताना ३.१ पर्यंत चालूच राहतं. तीनदा मोजलं, तेच.

१९३२ मध्ये गेमांट आणि फिलिपॉफ यांनी तीन कपॅसिटरचं जे सोपं चित्र मांडलं त्यातून हे छान कळतं. एक कपॅसिटर म्हणजे फट, दुसरा तिच्याबरोबर एकसरीत असलेला घन पदार्थ, तिसरा बाकीचा सगळा नमुना. फटीवरचं व्होल्टेज १.६४ केव्हीला पोचलं की ठिणगी, आणि फट रिकामी होते. पण ठिणगीतला चार्ज कुठे जात नाही. धातू नसल्यामुळे तो वरच्या आणि खालच्या भिंतीला चिकटून बसतो आणि क्षेत्राला विरोध करतो, म्हणून ठिणगी विझते. मग बाहेरचं व्होल्टेज उलटायला लागलं की तोच चिकटलेला चार्ज आता उलट्या क्षेत्राच्या बाजूने होतो. काल विरोधात बसलेला आज पाठीमागून ढकलतो. त्यामुळे चालू झालेली फट कमी व्होल्टेजवर चालू राहू शकते. आदर्श हिशेबात अगदी निम्म्यापर्यंत.

म्हणून एखाद्या क्षणिक उसळीने फट पेटली, तर उसळी गेल्यावर रोजच्या व्होल्टेजवर ती धगधगत राहू शकते. माझ्या ठोकळ्याची तासाभराची जास्त व्होल्टेजची चाचणी इथे आठवली. ती चाचणी म्हणजे काडी लावणंच झालं असेल.

पडद्यावर पल्स कुठे येतात हेही याच चित्रातून जुळतं. शून्य ओलांडण्याच्या जरा आधीपासून ते शिखराच्या थोडं अलीकडेपर्यंत, दोन्ही अर्ध्यांत सारखे. शिखरानंतर व्होल्टेज वाढत नाही, म्हणून शांत. टोकदार धातूतून हवेत होणारा कोरोना आधी एकाच अर्ध्यात, नेमका शिखरावर, कुंपण घातल्यासारखा दिसतो. आणि फट एका बाजूने धातूला लागून असेल, माझ्या ठोकळ्यासारखी, तर दोन अर्ध्यांतल्या पल्सचा आकार आणि संख्या वेगवेगळी होते. आज हे सगळं कागदावर रंगीत पेनने काढून भिंतीला चिकटवलं.

पल्सच्या आकाराचा ताळा. संपूर्ण डबी एका झटक्यात रिकामी झाली तर बाहेर १५४ पिकोकुलोंब दिसायला हवेत. दिसतात ४० ते १२०. भिंत विद्युतरोधक आहे, त्यामुळे एक ठिणगी सगळी भिंत रिकामी करू शकत नाही, तिच्या आसपासचा तुकडाच करते. शिवाय आत खरा हललेला चार्ज याच्या साडेतीन पटींहून जास्त, पूर्ण झटक्याला ५६० च्या आसपास. बाहेरून दिसतं ते नुसतं प्रतिबिंब, म्हणूनच आयईसी ६०२७० त्याला "भासमान चार्ज" म्हणतं. फट जितकी बारीक आणि भोवतालचा पदार्थ जितका जाड, तितकं प्रतिबिंब लहान.

१९ जून

नमुना २ लावला. सकाळी ४.४ ला छान पेटला. दुपारी जेवून आलो तर ४.४ ला काही नाही. ५, ६, ८, काही नाही. तासभर तारा, इम्पिडन्स, कॅलिब्रेटर तपासण्यात घालवला. लॅबमधल्या काकांनी नमुना तेलातून काढून दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "हे भोक आधी असं चमकत होतं का?"

नव्हतं. कडेच्या इपॉक्सीत केसाएवढी भेग आणि थरांमधल्या पापुद्रीतून तेल केशाकर्षणाने थेट भोकापर्यंत. फट तेलाने भरली, पीडी बंद. बिघाड नव्हता, ते तर उत्तरच होतं. हवा काढा, फटीचा आकार तोच ठेवा, आणि सगळं शांत. मुद्दाम करून पाहिलं असतं तरी इतकं स्वच्छ झालं नसतं. नमुना बाद, नोंद ठेवली.

२३ जून, सकाळी ११

नमुने ३ आणि ४, कडांना इपॉक्सीचे दोन थर, एकाच पुरवठ्यावर समांतर, ९ केव्ही आरएमएस, ५० हर्ट्झ. प्रत्येकाच्या जमिनीकडच्या तारेत स्वतंत्र मापन. रात्रंदिवस चालू. पिंजऱ्याला कुलूप, डिस्चार्ज रॉड दाराशी.

सोप्या चित्राप्रमाणे ९ केव्हीला प्रत्येक अर्ध्यात चार, म्हणजे सेकंदाला ४०० ठिणग्या. तासाला साडेचौदा लाखांच्या आसपास. पूर्ण झटक्याची एक ठिणगी म्हणजे अर्धा मायक्रोज्यूल. हातावर पडली तर कळणारही नाही. पण ती पडते त्याच ३ मिमीच्या वर्तुळात, पुन्हा पुन्हा.

२५ जून

पीडी कमी झाली! पहिल्या दिवशी मोठे पल्स १२० होते, आज ३० च्या वर क्वचित. संख्याही घटली. दोन्ही नमुन्यांत.

पहिला विचार आला की तेल शिरलं. नमुने काढून न बघता आधी व्होल्टेज उतरवून पाहिलं. पल्स लहान आहेत पण साडेतीन केव्हीलाही चालू आहेत. तेल असतं तर बंद पडले असते.

मॅडमचं मत, आणि मला ते पटतं, की भिंती ओलसर झाल्या आहेत. ठिणगीत हवेचा ओझोन होतो, नायट्रोजनची ऑक्साइडं होतात. ती आतल्या थोड्याशा बाष्पाशी आणि पॉलिमरच्या तुटलेल्या साखळ्यांशी मिळून आम्लं बनवतात. त्यांचा पापुद्रा बसला की भिंत थोडी वीज वाहून नेऊ लागते, चार्ज पसरून जातो आणि मोठी ठिणगी पडण्याआधीच क्षेत्र ढिलं होतं. एका मोठ्या ठिणगीच्या जागी असंख्य बारीक विसर्जनं होतात, त्यातली बरीचशी माझ्या गोंगाटाखाली. रोगी शांत झोपला म्हणजे ताप उतरला असं नव्हे. फक्त आलेख बघणारा इथे फसतो.

२९ जून, संध्याकाळी ५

१५० तास. पुरवठा तासभर बंद करून नमुना ४ जिवंत असतानाच बाहेर काढला. हे ठरवलेलं होतं. फुटलेल्या नमुन्यात शेवटचा आर्क सगळा पुरावा जाळून टाकतो. नमुना ३ परत चालू.

नमुना ४ उघडला. तीनशे पट सूक्ष्मदर्शकाखाली डबीचा तळ. जिथे आधी काचेसारखं होतं तिथे दुधी, खरखरीत चकती. मधे पिवळसर चिकट थेंब, काही ठिकाणी कोरडे पडून नक्षी झालेले. लिटमस कागदाचा ओला कोपरा टेकवला, लाल. आम्लाचा अंदाज खरा ठरला.

पण नजर गेली ती काठाकडे. भोकाची भिंत तळाला मिळते तिथे कडेने खड्ड्यांची माळ. बहुतेक उथळ, एक मात्र वेगळा. फोकस खाली नेत नेत खोली मोजली तर सुमारे ७० मायक्रॉन, आणि तळाशी तो अणकुचीदार. त्याच्या टोकातून दोन फांद्या पुढे गेलेल्या, कोळिष्टकासारख्या बारीक.

आता ५ जूनचा प्रश्न सुटतो. ठिणगीने पदार्थ थेट फोडला नाही. तिने तो झिजवला. आयन आदळले, अतिनील प्रकाश पडला, आम्लाने साखळ्या तोडल्या, आणि झीज सगळीकडे सारखी झाली नाही. एक खड्डा जरा खोल झाला की पुढच्या ठिणग्या त्यातच जास्त पडू लागल्या. आतला वायू ठिणगीच्या वेळी वाहक असतो, त्यामुळे तो खड्डा म्हणजे पत्र्यात रुतलेली सुईच. सुईच्या टोकाशी क्षेत्र सरासरीच्या अनेक पट. ज्या पदार्थात सरासरी क्षेत्र त्याच्या ताकदीच्या जवळपासही नव्हतं, त्याच्या त्या एका बिंदूवर ते ताकदीच्या वर गेलं. फांदी पुढे सरकली, तिच्या आत परत वायू, परत ठिणगी. खाणारा दात स्वतःच वाढत जातो.

२ जुलै, सकाळी ८

पुरवठा ट्रिप झालेला. घड्याळ २१२ तासांवर थांबलेलं. सोप्या हिशेबाने तीस कोटी ठिणग्या. खरी मोजणी नाही, कारण नंतरच्या बारीक विसर्जनांची गणतीच नव्हती. लॉग पाहिला. शेवटच्या सुमारे चाळीस मिनिटांत, इतके दिवस ३० च्या खाली रेंगाळणारे पल्स एकदम ४०० च्या वर. तो खड्ड्यातून निघालेल्या फांद्यांच्या वाढलेल्या झाडाचा आवाज होता. कोणी जागं असतं तर थांबवता आलं असतं.

खालच्या पत्र्यात आरपार काळं भोक, डबीच्या मध्यावर नाही तर काठाला लागून. वरच्या पत्र्यात त्याच्या जरा शेजारी दुसरं. खालचा गेल्यावर सगळे ९ केव्ही एकट्या १ मिमीवर आले, आणि तोही आधीच खड्ड्यांनी भरलेला होता.

४ जुलै

काकांचा प्रश्न: "हेच डीसीवर केलं असतं तर?" डीसीत व्होल्टेज उलटत नाही. एक ठिणगी पडली, भिंतीवर चार्ज बसला, की फट शांत. पुढची ठिणगी तो चार्ज घन पदार्थातून झिरपून गेल्यावरच. पॉलिकार्बोनेटच्या रोधाने त्याला तासाच्या हिशेबात वेळ लागतो. सेकंदाला ४०० कुठे आणि तासाला एखाद-दुसरी कुठे. मात्र डीसी वारंवार चालू-बंद किंवा उलटसुलट होत असेल तर ही सवलत संपली.

पुढचे नमुने: मधली फिल्म ०.०५ मिमीची, भोक तेच. पेटण्याचा अंदाज आधी लिहून ठेवतो: ८.४ केव्ही शिखर, ५.९ आरएमएस. पंच पुन्हा धार करायला दिला आहे. या फिल्मला १० मायक्रॉनची कड राहिली तरी फट वीस टक्क्यांनी जाड होईल.